मानाचा पत्रा

आमच्या वडिलांनी आयुष्यभर होड्या हाकल्या आणि एकीतही पाणी शिरू दिलं नाही. गुडघ्यांनी दगा दिला आणि ते घरी बसले. तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारेना, म्हणून ते न विचारता सांगू लागले.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मागच्या वर्षी किनाऱ्यालगत वर्कशॉपची शेड बांधली आणि तिच्यात एक जुनं लेथ मशीन आणलं. त्याच्या बेडवर, म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडी पाटावर, पाण्याचा थेंब पडला की गंज, आणि गंज म्हणजे माझी भाकरी गेली.

पत्रेवाला कारागीर आगरी, तोंडाने फटकळ, हाताने चोख. पत्र्याखालचे आडवे पाइप त्याने चार-चार फुटांवर घेतले, कडेला मात्र तीन फुटांवर. म्हणाला, "वारा पयला कडेलाच हात घालतो." मग पहिला पत्रा घेऊन तो पूर्वेच्या टोकाला निघाला. वडिलांनी काठी आडवी घातली.

"पयला पत्रा दर्याकडं. आधी दर्याचा मान."

"बाबा, पाऊस दर्याकडनं येतो. पूर्वेकडनं सुरुवात केली का वरच्या पत्र्याची कड वाऱ्याला पाठ दाखवते. तुम्ही म्हणता तसं लावलं तर कड वाऱ्याकडं तोंड करून उघडी. पाणी सरळ आत."

"चाळीस वर्सं पानी बघलंय मी. तू किती बघलंस?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भित्रा. नारळ फुटला आणि पहिला पत्रा समुद्राकडेच लागला. कारागीर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. फक्त एकदा, मी स्क्रू जोरात पिळत होतो तेव्हा म्हणाला, "रबराचा वायसर जरासा दबला का बस. बाहेर आला तर फाटतो. आणि स्क्रू उंचवट्यावर, पाणी वाहतं त्या नळीत न्हाय."

आषाढात वाऱ्याने आपलं काम केलं. दोन पत्र्यांच्या जोडातून वरच्या पाइपापाशी थेंब पडू लागला. मी काही बोलायच्या आत वडील दुखऱ्या गुडघ्यांनिशी शिडीवर. कापूस आणि डांबर घेऊन त्यांनी होडीची फट बुजवावी तशी ती जागा आतून बुजवली आणि विजयी चेहऱ्याने उतरले. पाणी जोडात शिरतच होतं. ते उतारावरून पुढे सरकलं आणि खालच्या पाइपापाशी टपकलं. वडिलांनी तेही बुजवलं. थेंब आणखी खाली आला. असा चार दिवस शिवाशिवीचा खेळ चालला. पुढे थेंब, मागे डांबराचा डबा घेतलेले वडील, त्यांच्या मागे शिडी धरलेला मी. उताराच्या तळाशी लेथ मशीन होतं. पाचव्या दिवशी थेंब बरोबर त्याच्या बेडवर पडला.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडलो. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, बेड पुसला आणि हळूच म्हणाले, "होडीला डांबर भायेरनं लावतात. इसरलो मी. त्याला बोलाव."

उघडीप मिळताच कारागीर आला. त्याने सगळे स्क्रू काढले आणि पूर्वेकडून सुरुवात केली. पत्रे होते त्याच जागी, फक्त खालची कड वर आणि वरची खाली. दोन-दोन नळ्या एकमेकींवर चढवून जोड, मध्ये चिकट पट्टी, जुन्या भोकांत जाड स्क्रू आणि नवे वायसर. समुद्राकडचा पत्रा शेवटी, सगळ्यांच्या वर बसला. "घ्या बाबा, दर्याचा पत्रा वर," तो म्हणाला. वडिलांनी त्याला चहा पाजला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तीन दिवस पाऊस धो धो कोसळला. वडील शेडमध्ये खुर्ची टाकून छत्री उघडून बसले. मांडीवर डांबराचा डबा, नजर वर. एक टिपूस नाही. चौथ्या दिवशी त्यांनी छत्री मिटली.

"थेंब गलत न्हाय," ते म्हणाले. "मंग आता मी काय करू?"

मला हसू आलं, मग त्यांच्या मांडीवरचा डबा दिसला. इतका कोरडा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी रिपरिप चालू होती; ते झोपेत असताना मी छपरावर चढलो आणि पत्र्याखाली पाइप आहे तिथेच पाय देत गेलो. लेथपासून सगळ्यात लांबचा, रिकाम्या कोपऱ्यावरचा एक स्क्रू काढला, वायसर खिशात टाकला आणि नुसता स्क्रू सैलसर परत बसवला. खाली उतरून त्या जागी बादली ठेवली आणि घरात हाक मारली, "बाबा, या जरा. कोपऱ्यात गळतंय. मला काही कळत नाही."

ते काठी विसरून आले.