लुंबिनीनं जर्मनच का धरली

लुंबिनी जन्मली ती किल्लारीच्या भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडमध्ये. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरच्या एका हाकेवर अख्खं शेड हलायचं, असं तिची आई धुरपताबाई आजही सांगते. "तवाच ठरवलं, माझी लेक सिस्टर हुईल!"

लेक झाली. लातूरच्या खासगी दवाखान्यात आयसीयू सांभाळू लागली. एखाद्या नव्या डॉक्टरनं उगाच आवाज चढवला तर तिथल्या तिथं उतरवणारी.

आता तिला परदेशी नोकरी करायची होती. आखातात इंग्रजीवर भागलं असतं, पण नोकरी संपली की परत या. म्हणून जपानी की जर्मन, यावर घरात जुंपली. धाकटा भाऊ आनंदराज जपानीवर अडून बसला. "अक्का, सहा-सात महिन्यांत परीक्षा देशील. जर्मनला वर्षाच्या वर. तू ड्यूटी करतीस, कवा शिकणार?"

लातुरात डेमो बघितल्याबिगर कुणी क्लास लावत नाही. लुंबिनीनं एकाच रविवारी दोन्ही डेमो धरले.

जपानीचे सर गोड बोलले. पाच अक्षरं गिरवून घेतली, लुंबिनीची पाचही बरोबर! तिकडं म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं मिळत नाहीत, थोडी जपानी आणि देखभालीची परीक्षा पास झालात की मागणी हाय. ती जवळजवळ विरघळली. मग हात वर केला.

"सर, तिथं इंजेक्शन कोण देणार?"

"तिथली नर्स. तुम्ही आंघोळ, जेवण, उठवणं-बसवणं. नर्स व्हायचं तर त्यांची सरकारी परीक्षा जपानीतून."

"काम हलकं न्हाई, सर. पण माझं न्हाई."

जर्मनच्या मॅडमनी गोड काही सांगितलं नाही. बी-टू, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत शिकावं लागेल, व्याकरण डोकं खाईल, पदवी मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून राबावं लागेल. त्यानंतर मात्र पूर्ण नर्स.

"मागणी दोन्हीकडं हाय," घरी येऊन ती आनंदराजला म्हणाली, "सोपी जपानी हाय. पण सोपी म्हणून सिस्टर सोडून आयाबाई होऊ काय मी?"

"आन् वेळ?"

वेळच नव्हता. ड्यूटी दर आठवड्याला फिरायची, क्लास रोज संध्याकाळी. ती सिस्टरांच्या ड्यूट्या लावणाऱ्या मेट्रन कमलम्मांसमोर जाऊन उभी राहिली. "वर्षभर मला सकाळपाळीच द्या. बदल्यात सगळ्या सणांना मी ड्यूटी करीन."

उदगीरच्या कमलम्मा हसल्या. "इतकी वर्षं माझी कानडी ऐकलीस, एक शब्द आला न्हाई. जर्मन येणार म्हणं!"

"तुम्ही फी घेतली असती तर आली असती, मॅडम. क्लासवाल्यांचं लातूर हाय हे!"

कमलम्मांनी मान हलवत सकाळपाळी लिहून टाकली.

त्या दिवाळीला सगळं गाव घरी होतं, लुंबिनी आयसीयूत होती. दुपारी जेवताना आईला फोन लावून ती ठणकावून बोलली, "इश बिन क्रांकेनश्वेस्टर!"

"म्हंजी गं?"

"मी सिस्टर हाय, आई."

"ते मला ठाव हाय," धुरपताबाई म्हणाली, "त्या जर्मनवाल्यांना सांग."