अडखळणारं इंटरनेट

आमच्या सोसायटीच्या फाटकावरची ‘विक्रेत्यांनी आत येऊ नये’ ही पाटी माझ्या अक्षरात आहे. त्यामुळे लेकीनं राउटरशेजारी साबणाच्या डबीएवढा एक डबा बसवला आणि म्हणाली, “बाबा, हा जाहिरातींना घरात येऊ देत नाही,” तेव्हा माझं आणि त्या डब्याचं लगेच जमलं.

तिनं समजावून सांगितलं होतं. कुठलंही पान उघडायचं म्हणजे आधी त्याचा पत्ता विचारावा लागतो. घरातला प्रत्येक फोन, कॉम्प्युटर तो पत्ता या डब्याला विचारणार. नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असेल तर डबा पत्ता देणारच नाही. अशा याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात, त्या आपण त्यात भरायच्या.

पुढे तिचं लग्न झालं आणि ती खराडीला राहायला गेली. नोकरी तिथेच, याच नेटवर्कच्या कामाची. कर्वेनगर ते खराडी म्हणजे एकच शहर, पण त्या ट्रॅफिकपेक्षा नागपूरला जाणं सोपं वाटावं. ही गेल्यापासून, म्हणजे माझी बायको गेल्यापासून, मी एकटाच. दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, कारण बोलायला कुणी नसतं.

मग मी याद्या भरू लागलो. जुगाराच्या, कर्जवाल्यांच्या, कुठल्याकुठल्या देशांतल्या. एक भरली की दुसरी. थोड्या दिवसांत पानं अडखळायला लागली. बातमीवर बोट ठेवावं, तर कोरा पडदा, आणि मग एकदम सगळं उघडायचं. गंमत म्हणजे एकदा सुरू झालेलं गाणं मात्र न थांबता चालायचं. ब्रॉडबँडवाला येऊन स्पीड मोजून गेला. “काका, स्पीड तर पूर्ण आहे,” म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडखळतोय.

मी लेकीला फोन लावला. ती तिकडूनच डब्यात शिरली. तिनं डब्यातून तशी वाट करून ठेवली होती.

“बाबा, एवढ्याशा मेमरीत किती याद्या कोंबल्यास? त्याला श्वास घेता येत नाहीये. पत्ता द्यायलाच वेळ लावतोय तो.”

“असं होय.”

“अर्ध्या काढते. आणि तू जेवलास का?”

हे ‘जेवलास का’ मला फार आवडलं. एरवी तिचा फोन म्हणजे ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते’. पण डबा अडखळला की ती निवांत बोलायची, काम करता करता. तिकडे कळफलक वाजायचा, इकडे मी कुकर, शेजारी, गुडघा सगळं सांगून घ्यायचो. साहजिकच मी पुन्हा याद्या भरल्या. जाहिरातींशी त्याचा आता काही संबंध नव्हता.

असं बरेच दिवस चाललं. एकदा मात्र डबा खरोखरच गेला. काहीच उघडेना. मी त्याची वायर काढली, तरीही काही नाही.

“नुसता डबा काढून कसं चालेल?” ती म्हणाली. “राउटर अजून सगळ्यांना त्याच्याकडेच पाठवतोय, आणि तो तर जागेवर नाही.” मग तिनं फोनवर मला राउटरची सेटिंग उघडायला लावली आणि पत्ते विचारायचं काम पुन्हा ब्रॉडबँडवाल्यांकडे द्यायला लावलं. “मेमरी कार्ड खराब झालंय डब्याचं. लिहून लिहून झिजलं. राहू दे आता, तुझ्या ब्राउझरमध्ये टाकू जाहिराती अडवणारं काहीतरी. सुटलास एकदाचा.”

सुटलो. पानं पटापट उघडू लागली. फोनही तसेच पटापट संपू लागले.

“नेट कसं आहे?”

“उत्तम.”

“बरं मग. ठेवते.”

त्या ‘बरं मग’नंतर घर किती शांत होतं, हे कुणाला सांगायची सोय नाही. मला तिची फार आठवण येत होती आणि नुसतं तेवढ्यासाठी फोन करायची आमच्या घरात पद्धत नाही. एका शनिवारी सकाळी मी फोन लावला.

“नेट जरा अडखळतंय,” मी म्हणालो.

“डबा परत लावलास?”

“छे, कपाटात आहे.”

“मग अडखळेल कशानं?”

मी कपाटाकडे बघितलं. या वेळी तिच्या मागे कळफलक वाजत नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “डबाच नाही तर मला इथून आत यायला वाट नाही. म्हणजे मला यावं लागणार. उद्या जेवायलाच येते.”

“ये,” मी म्हणालो, आणि गवार घ्यायला खाली उतरलो, कारण तिला ती आवडते.