निळ्या शाईचा रविवार

ठेकेदाराच्या ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती! शंभरावर कामगारांचे पगार तिच्या हातून निघत, आणि उचल घेऊन विसरणाऱ्याला ती पगाराच्या दिवशी भर रांगेत असं काही ऐकवी, की पुढच्या वेळी तो बिचारा आपण होऊन कापून घ्या म्हणे. खोटं तिला खपत नसे, हे खरं. पण खऱ्याचा दगड करून समोरच्याच्या डोक्यात घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे, हेही तितकंच खरं.

आणि तिचा सगळ्यात आवडता नेम म्हणजे तिचा सख्खा दीर.

दीर त्याच ठेकेदाराकडे हजेरी कारकून होता. मोठ्या कंपनीच्या मागच्या गेटवर पत्र्याची खोली, तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि हजेरीपट. तरुणपणी तो टाक्या धुवायच्या टोळीत होता. शिडीवरून पडला, गुडघा कायमचा गेला, आणि ठेकेदाराने त्याला खुर्चीवर बसवलं. आता पन्नाशीला टेकलेल्या, लंगडत चालणाऱ्या माणसाला दुसरं काम कोण देणार? ती खुर्ची होती म्हणून त्याचं घर चालत होतं.

नवरा गेल्यावर तिला इथे नोकरी लागली ती दिराने मालकाकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, शब्द टाकला म्हणून. झालं, तेव्हापासून घरात दर भांडणाचा शेवट ठरलेला. "मी होतो म्हणून!" असं दीर म्हणायचा. तो विसरला तर जाऊ म्हणायची. घर एक, नळ एक, आणि दोन चुली. दोन्हीकडची माणसं एकमेकांना पाण्यात पाहत. ऑफिसात तर दीर-भावजय बोलतच नसत. हजेरीपट महिनाअखेरीला शिपायाच्या हाती येई आणि शिपायाच्याच हाती परत जाई.

वर्ष संपलं की ठेकेदाराला सरकारी विवरणपत्र भरावं लागे. वर्षभरात माणसं किती लावली, एका दिवशी जास्तीत जास्त किती होती, सगळ्यांचे मिळून कामाचे दिवस किती भरले, पगार किती वाटला, त्यातून कापला किती, जादा काम किती तास, आणि आठवड्याची सुट्टी दिली की नाही. हे आकडे काढायचं काम कात्रीबाईचं. दिवस हजेरीपटातून, पैसे पगारपत्रकातून, जादा तास जादा कामाच्या वहीतून. तिच्या आधीचा कारकून पगारपत्रकातलेच दिवस उचलून मोकळा व्हायचा. पण त्यात भरपगारी सुट्ट्याही येतात. पगार मिळाला म्हणजे माणूस कामावर होताच असं नाही. ती हजेरीपटाची एकेक उभी ओळ मोजायची, मग आडवी मोजायची, आणि दोन्ही बेरजा जुळल्या तरच पुढे जायची.

बेरजा जुळल्या की तिची आणखी एक सवय होती. महिन्याच्या एकूण पगाराला कामाच्या दिवसांनी भागून बघायचं. दर तोच असेल तर उत्तर दर महिन्याला आसपासच येतं. त्या वर्षी सगळे महिने शहाण्यासारखे वागले आणि एक महिना उंच उडाला. कंपनीने यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती काढली होती, तो महिना.

"आता तुला काय धाड भरली?" असं म्हणत तिने जादा कामाची वही ओढली. वहीत त्या महिन्याच्या सगळ्या रविवारी टाक्यांची अख्खी टोळी होती, प्रत्येकाचे पूर्ण आठ तास. हजेरीपटात त्याच माणसांपुढे, त्याच तारखांना, लाल शाईत सुट्टीचा 'सु'. म्हणजे माणूस एका वहीत घरी झोपलेला आणि दुसऱ्या वहीत टाकीत उतरलेला! रविवारऐवजी दिलेली बदली सुट्टी शोधली, तर ती कुठेच नव्हती. टोळीने महिनाभर एक दिवसही पाठ टेकली नव्हती.

कसं झालं हे तिला लगेच कळलं. दिराची रीत अख्ख्या यार्डाला ठाऊक होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो लाल पेन घेऊन बसे आणि महिन्याचे सगळे रविवार एकदम भरून टाकी. दुरुस्तीच्या महिन्यातही त्याने तेच केलं होतं. मग रविवारी माणसं आली, मुकादमाने जादा कामाच्या चिठ्ठ्या ऑफिसात धाडल्या, आणि पगार दुप्पट दराने निघाला. काढला कोणी? तिनेच. चिठ्ठ्या आणि हजेरीपट तेव्हाही तिच्याच टेबलावर होते. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. तिने तो माशीसारखा उडवला.

अशी चूक दुरुस्त करता येते. उघड खोडायचं, शेजारी शेरा, सही, आजची तारीख. विवरणपत्रात खरं लिहायचं आणि टोळीच्या राहिलेल्या सुट्ट्या देऊन टाकायच्या. संध्याकाळी घरी जाऊन "भाऊजी, एवढं बघून घ्या" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ती तसं म्हणणारही होती, कदाचित. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर जावेने तिची बादली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "नोकरी आमच्या जिवावर, आणि पाण्यालाही आधी ह्यांचाच नंबर!"

कात्रीबाई काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं, कुणाची तरी शंभर वर्षं भरली.

विवरणपत्र पाठवण्याआधी कंपनीचा कामगार अधिकारी येऊन ते पडताळायचा. तो मालकाच्या केबिनमध्ये बसला होता, समोर चहा. ती तिन्ही वह्या घेऊनच आत शिरली.

"साप्ताहिक सुट्टीचा रकाना रिकामा का ठेवलात?" साहेबाने विचारलं. "दिली म्हणून लिहा. हजेरीपटात आहेच."

"हजेरीपटात तर पुष्कळ काही आहे, साहेब." तिने वह्या उघडून शेजारी शेजारी मांडल्या. "हा बघा, इथे माणूस घरी. आणि इथे तोच माणूस आठ तास टाकीत. ह्यातलं कुठलं लिहू? तपासणीवाले काय फक्त एकच वही बघतात?"

मालकाचा चेहरा उतरला. "अहो बाई, हळू."

"हळू कशाला? ह्या पगारपत्रकावर 'वाटप माझ्यासमोर झालं' म्हणून साहेबांची सही आहे. दुप्पट पैसे कसले वाटताय, हे तेव्हा विचारलं असतंत, तर आज मला ओरडावं लागलं नसतं."

साहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कप खाली ठेवून त्याने एकच प्रश्न विचारला. "हे लाल अक्षर कोणाचं?"

बोलावणं गेलं तसा दीर लंगडत आला. वह्या बघून त्याला सगळं उमगलं. "रविवारी मी गेटवर नसतो, साहेब," तो म्हणाला. "मलाही आठवड्याला एकच सुट्टी. म्हणून आधी भरून ठेवतो. इतकी वर्षं असंच चाललंय, मालकांना माहीत आहे."

"मला?" मालक उसळला. "मला काय माहीत! मी काय तुझ्या मांडीवर बसतो हजेरी लिहिताना?"

मालकाने हात झटकले, साहेबाने तर केव्हाच झटकले होते. सह्या तिघांच्या होत्या, साहेबाची, मालकाची आणि तिचीही, पण लाल अक्षर एकट्याचं होतं. साहेबाने फर्मावलं की आकडे खरेच पाठवायचे, टोळीच्या सुट्ट्या भरून द्यायच्या, आणि सोबत लिहायचं की चूक हजेरी कारकुनाची असून त्याला त्या कामावरून काढलं आहे. मालक म्हणाला, "घरी नको बसवायला. यार्डात मदतनीस म्हणून राहू दे." म्हणजे परत टाक्यांची टोळी.

दाराशी दीर थांबला. "वहिनी, घरी सांगायचं होतंत ना."

"घरी?" ती म्हणाली. "घरी आमच्याशी बोलायला नळावर तुमचं माणूस असतं की!"

बोलून ती टेबलाशी येऊन बसली आणि एकच बेरीज तिने तीनदा चुकवली. आनंदानेच, असं तिने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मालक आलाच. "उद्यापासून हजेरीपण तुम्हीच बघा. तुमच्या इतकं काटेकोर दुसरं कोण आहे इथे?" पगार वाढवायचा शब्दही नाही. एका पगारात दोन टेबलं तिच्या गळ्यात पडली.

घरी जावेने शिव्या दिल्या नाहीत. नळावर कात्रीबाईची बादली भरून होईपर्यंत ती खाली मान घालून उभी राहायची, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. दीर संध्याकाळी गुडघ्याला फडकं गुंडाळून पायरीवर बसलेला दिसे. तो "मी होतो म्हणून" म्हणेनासा झाला.

मग पुन्हा दुरुस्ती निघाली. मुकादम सांगून गेला, रविवारी टोळी येणार, बदली सुट्टी बुधवारी. ती मालकाकडे गेली. "रविवारी गेटवर कोण बसणार?"

"तुम्हीच की! नाहीतर आधी भरून ठेवा." एवढं बोलून मालक चपापला आणि कागदात तोंड खुपसून बसला. "यावंच लागेल बाई तुम्हाला."

"आणि माझी बदली सुट्टी? बुधवारी बाकीच्यांची हजेरी कोण घेईल?"

"तुमचं काय, बसून तर काम आहे."

रविवारी ती पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली. खुर्चीची गादी एका बाजूने दबलेली होती, जिकडे दिराचा दुखरा पाय नसायचा तिकडे. खणात अर्धं संपलेलं लाल पेन होतं. हजेरीपटात पहिलं नाव तिचंच. तिथे निळ्या शाईने हजेरीचा 'ह' लिहिताना तिला कळलं की रविवारचं खरं लिहायचं तर रविवारी इथे बसावंच लागतं, आणि जो बसतो त्याचा रविवार गेला. दिराने लाल पेन उचललं होतं ते एवढ्यासाठी. घरी पाय पसरून एक दिवस पडता यावं म्हणून. ही गोष्ट तिला नव्याने कळली असंही नाही. त्या दिवशी केबिनमध्ये त्याने ती स्वच्छ सांगितली होती, आणि तेव्हा ती जिंकत होती.

रांग सरकत सरकत दिरापर्यंत आली. फडकं गुडघ्याला बांधलेलंच होतं.

तिने मान वर न करता मुकादमाला हाक मारली. "ह्यांना शिडीवर चढवू नका. खाली पाइप धरायला ठेवा."

"उपकार नकोत, वहिनी," दीर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्ही लिहा. निळ्याने लिहा."

तिने निळ्याने लिहिलं. तो एक पाय ओढत टाकीकडे चालू लागला. त्याला हाक मारावी असं तिला फार वाटलं, "भाऊजी" एवढा शब्द ओठांपर्यंतही आला. पण मागे रांग खोळंबली होती, आणि पुढचा माणूस आपलं नाव सांगत होता.