मना म्हणजे मला

आजी मनोविकार विभागाच्या बाकावर सकाळपासून बसलेल्या. दुपारी माझ्या खिडकीशी आल्या आणि दारावर मिळालेली नंबराची चिठ्ठी पुढे सरकवून म्हणाल्या, "बाय, मी काय येरी झाले का?"

कल्याणच्या आमच्या धर्मादाय हॉस्पिटलात मी नोंदणीच्या खिडकीवर असते. त्या दिवसांत फोनवरून नंबर लावायचं काम नुकतंच एका बोलणाऱ्या यंत्राकडे गेलं होतं. ठाण्यातल्या एका कंपनीनं ते बनवलेलं. आपण बोलायचं, ते ऐकून लिहून घेतं, कुठला विभाग हवा ते ठरवतं, परत वाचून दाखवतं आणि वेळ देतं. आजींना मोतीबिंदू होता. औषधाची बाटली हातात, आणि चिठ्ठीवर विभाग मनोविकार, गाव मोहन, नाव बर्फी.

गाव मोहने होतं. नाव बर्फी नव्हतंच. खरं नाव घरातलं शेंडेफळ म्हणून आईबापांनी ठेवलेलं, जुनं, साधं होतं. आजींना वाचता येत नव्हतं, तेव्हा चिठ्ठीवर काय आहे ते मीच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "माझ्या बापसानं ठेवलेला नाव हाय," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या विभागात नेऊन बसवलं आणि परत येऊन त्यांचा फोन काढून ऐकला. प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग आणि यंत्रानं लिहिलेला मजकूर आम्हाला दिसायचा. आजी स्वच्छ बोलल्या होत्या, "मना डोल्याचा डाक्टर पायजे." यंत्रानं लिहिलं होतं, "मनाचा डॉक्टर पाहिजे."

मला ते ऐकताक्षणी कळलं, कारण मी मोहन्यात वाढले. वडील तिथल्या कारखान्यात होते. आम्ही बौद्ध वस्तीतले, घरात बोलणं देशावरचं. पण खेळायला जायचो ते पलीकडच्या आगरी आळीत. तिथं मला म्हणजे मना, डोळा म्हणजे डोला, वेडी म्हणजे येरी. शाळेत एकदा बाईंसमोर "मना पानी पायजे" म्हणाले तर सगळा वर्ग हसलेला. त्यानंतर ती बोली मी तोंडातून काढून टाकली. कानातून मात्र गेली नव्हती.

हे सांगितल्यावर आमच्या व्यवस्थापक साहेबांनी मला ठाण्याला कंपनीत पाठवलं. "तुम्हीच सांगा त्यांना, मला ते नीट जमायचं नाही," म्हणाले.

कंपनीत यंत्राचं काम बघणारी मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. बोलणं अगदी पुणेरी, पण गर्व नाही. तिनं मला खुर्ची दिली, रेकॉर्डिंग लावलं आणि समजावून सांगितलं. यंत्र आवाजावरून अंदाज बांधतं, आणि अंदाज अडला की आधी खूप वेळा ऐकलेल्या शब्दाकडे झुकतं. मोहन त्यानं हजारदा ऐकलंय, मोहने क्वचित.

"पण ताई," ती म्हणाली, "आम्ही खात्री करून घेतो ना. हे बघा, आजींनी हो म्हटलंय. नोंद आहे."

"ते परत लावा," मी म्हणाले.

यंत्राचा गोड आवाज आला, "आपलं नाव बर्फी, गाव मोहन, आपणास मनोविकार विभागात बुधवारी सकाळी दहाची वेळ हवी आहे, ही माहिती बरोबर आहे का?" त्याच्या मध्येच, बर्फीच्याही आधी, आजींचा आवाज, "हां, हां."

"हे हो नाहीये," मी म्हणाले. "हे 'बोल बाय, ऐकते मी' असं आहे. आमच्याकडे बायका फोनवर असंच हां हां करतात. तुमच्या यंत्रानं त्यालाच होकार धरला."

मुलीनं ते पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवला. "हे आमच्या लक्षातच नव्हतं आलं," ती म्हणाली. "आम्ही बोलणं ऐकत होतो. ऐकणारा काय करतो ते कुणी ऐकलंच नाही."

त्या दिवशी मी ठाण्याहून निघाले तेव्हा माझी मान ताठ होती. बसमध्ये शेजारच्या बाईला उगाचच सांगितलं की मी ऑफिसच्या कामाला आलेले.

पुढचे काही आठवडे मी रोज दुपारी फसलेले फोन ऐकायची आणि बरोबर मजकूर लिहून पाठवायची. आम्ही शब्दांची यादी केली. मना, डोला, पानी, नाय. मग मोहने, शहाड आणि आसपासची गावं, जुन्या बायकांची नावं. ती यादी मुलीनं यंत्राला दिली, म्हणजे अंदाज बांधताना ते या शब्दांनाही वजन देईल. पहिल्यांदा वजन जास्त झालं, आणि खरोखर मोहन नाव असलेले दोन पेशंट नावाच्या रकान्यात मोहने होऊन आले. तिनं फोन करून माफी मागितली आणि वजन उतरवलं. गावांची नावं फक्त गाव विचारल्यावर जड करायची, असं ठरलं.

खात्री करायची रीतही बदलली. एका दमात सगळं वाचायचं नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचंय, बरोबर?" एवढंच विचारायचं आणि थांबायचं. यंत्र बोलत असताना आलेला हां धरायचा नाही. नाय म्हटलं तर तेवढीच गोष्ट पुन्हा विचारायची, सगळं पहिल्यापासून नाही. दोनदा चुकलं की फोन थेट माझ्या खिडकीवर.

तयार झाल्यावर मुलगी स्वतः लॅपटॉप घेऊन कल्याणला आली. मी आजींना बोलावून घेतलं होतं. ऑपरेशनआधीच्या तपासणीची वेळ त्यांना लावायचीच होती. साहेब, दोन नर्स, बाकावरचे पेशंट, सगळे गोळा झाले. फोन स्पीकरवर ठेवला. आजींनी पदर सारखा केला.

"मना डोल्याचा डाक्टर पायजे."

यंत्र म्हणालं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचंय, बरोबर?"

"बरोबर!" आजी ओरडल्याच.

"मोहने गावातून, बरोबर?"

"हो बाय, मोहन्याची."

मग नाव. आजींनी सांगितलं. यंत्र म्हणालं, "बर्फी, बरोबर?"

मुलीनं डोळे मिटून घेतले. पण आजींनी या वेळी हां हां केलं नाही. फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि ठणकावलं, "नाय!"

"माफ करा," यंत्र म्हणालं. "फक्त नाव पुन्हा सांगाल का?"

आजींनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, लहान मुलाला शिकवावं तसं. आणि यंत्रानं त्यांचं नाव घेतलं. अचूक, वडिलांनी ठेवलेलं, शेवटच्या दीर्घ ईसकट. "बरोबर?"

बाकावरचा एक म्हातारा टाळी वाजवायला लागला, मग सगळेच. नर्सनं शिट्टी मारली आणि साहेबांकडे बघून जीभ चावली, पण साहेबही हसत होते. मुलगी मला मिठी मारून म्हणाली, "ताई, जमलं! एकदाच नाय म्हटल्यावर जमलं!" ती नाय म्हणाली, नाही नव्हे, हे तिच्या लक्षातही आलं नसेल.

मी मात्र त्या दिवशी कितीतरी वर्षांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आजी, आता मना कपभर चा पायजे." कुणी हसलं नाही. आजींनी फक्त मान डोलावली आणि फोन काही बंद केला नाही.

"बाय," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "शेजारनीचा पन गुडघा दुखतो. तिचा नंबर लाव. मी सांगते तिचा नाव, नीट ऐक."