गाडीआधी गाय हलवली

गोंदियात दवाखाना टाकून चार वर्षं झाली, आणि खेडोपाडी सायकल मारून कंटाळल्यामुळे मी जुनी मोटार घ्यायचं ठरवलं. किंमत चार हजार, हाताशी सोळाशे. उरलेले चोवीसशे नागपूरची पेढी देणार होती. वर्षभरात फेडले तर हप्ता दोनशे अठरा. दोन वर्षांत फेडले तर एकशे अठरा, पण व्याज दुप्पट. विम्याचे महिना पंधरा, पेट्रोल-टायरचे पन्नास. वर्षाची कमाई बाराने भागली तर महिन्याला चारशे पडत होते. दोन वर्षांचा हप्ता आरामात बसत होता.

हिशेब मी ऐटीत कंपाउंडरला दाखवला. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, हप्ता दर महिन्याले. तुमचे रोगी तर धान देतेत, तेही दिवाळीनंतर. आषाढात कायनं भराल?"

राग आला, पण तो खरं बोलत होता. पावसाळ्यात रोख अडीचशेच यायचे आणि घरखर्चाला एकशे सत्तर लागायचे.

मग ठरलं, यंदाचं धान विकून बाराशे आधीच भरायचे. उरलेल्या बाराशेंचा दोन वर्षांचा हप्ता एकोणसाठ, विमा धरून चौऱ्याहत्तर. पावसाळ्यात चिखलामुळे गाडी उभीच राहणार, म्हणजे पेट्रोल नाही. हप्ता आणि विमा मात्र उभ्या गाडीलाही लागतात. तरी सहा रुपये उरत होते.

धानाला अजून चार महिने होते. तरीही मी त्याच दिवशी गाडीसाठी गोठा मोजला आणि गाय मागच्या पडवीत बांधली. ती रोज संध्याकाळी दावं ताणून रिकाम्या गोठ्याकडे बघत राहायची. मीही बघायचो.