गणपती ते गणपती रिकरिंग

पेणला मूर्तींच्या कारखान्यात राबणाऱ्यांचं वर्ष गणपतीनंतर सुरू होतं. मूर्ती रवाना झाल्या, मालकाने हिशेब केला, की आमचा पाडवा. मी तिथे मूर्तींचे डोळे रंगवायचे, त्यामुळे माझ्याही डोक्यात हेच कॅलेंडर पक्कं बसलेलं.

नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. आदल्या वर्षी त्याने रोह्याच्या पतपेढीतून कर्ज काढून आम्हाला महाबळेश्वरला नेलं. चार दिवस मजा केली आणि वर्षभर पगारातून हप्ते कापून दिले. येताना एसटीत लेकीने विचारलं, पुढच्या वर्षी कुठे जायचं? तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला ते फार लागलं.

म्हणून गणपती झाल्या झाल्या मी बँकेत एका वर्षाचं रिकरिंग उघडलं. दरमहा ठरलेली रक्कम, थोडी त्याची, थोडी माझी. पैसे साठत गेले. लेकीच्या पुस्तकात वेरूळची लेणी होती. मे महिन्यात तिथेच जायचं, असं तिने शाळाभर सांगून टाकलं.

एप्रिलमध्ये मी पैशांची चौकशी करायला बँकेत गेले, तर खातं भरणार होतं सप्टेंबरात! शाळेची सुट्टी मे महिन्यात असते, हे मला, एका मुलीच्या आईला, सुचलंच नव्हतं. मुदतीआधी खातं मोडलं तर व्याज कमी मिळेल आणि वर दंडही बसेल, असं साहेबांनी सांगितलं. मला माझाच राग आला.

नवऱ्याला मात्र ही अडचण वाटलीच नाही. पतपेढीतून उचलू आणि खातं भरलं की एकरकमी फेडू, असं त्याचं म्हणणं.

"चार म्हैन्यांचं तर कर्ज हाय गो," तो म्हणाला.

"नाय. मोडायचं पण नाय, काढायचं पण नाय," मी म्हटलं. "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मैत्रिणींना काय सांगू, म्हणून रडली. मी कारखान्यात डोळे रंगवत होते आणि माझेच भरून येत होते. एकदा तर वाटलं, काढावं कर्ज आणि मोकळं व्हावं. पण ती खिडकी आठवायची.

सप्टेंबरात खातं भरलं. दिवाळीत वेरूळला गेलो. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवा होता. लेक लेण्यांतून धावत सुटली. मी दगडातल्या मूर्तींचे डोळे बघत इतकी रेंगाळले की दोघं मला हाका मारून दमली.

परतताना एसटीत लेकीने तोच प्रश्न विचारला. मी नवऱ्याकडे बघितलंच नाही, धीर झाला नाही.

"तूच सांग, कुठं जायचं," तो म्हणाला. "आई उद्या बँकेत जायची हाय."