आठळी विकत नाही

मुलांसाठी तळलेले गरे आणि आंबापोळी बनवणाऱ्या रत्नागिरीतल्या एका कारखान्यात मी इंस्टाग्राम-फेसबुकच्या पोस्ट लिहिते. पाकिटावर फणसाची आठळी, म्हणजे गऱ्यातली बी, काढलेली आहे, डोळे मोठे आणि गाल फुगलेले. ती बोलते ते माझ्या हातून.

तिचा स्वभाव मी पहिल्याच आठवड्यात ठरवला. ती प्रत्येक वाक्य ‘मी काय म्हणते’ने सुरू करते. तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं, आणि दर वेळी ती चुकते. मांडवीचा समुद्र तिला सांडलेलं सरबत वाटतो. विस्तवाला मात्र टरकते, कारण तिची भावंडं भाजून खाल्ली जातात. मुलांना ती कधी हसत नाही, आणि ‘घ्या’ कधीच म्हणत नाही. मुलं तिला चुका समजावून सांगतात, त्यांच्या आया ते कमेंटमध्ये टाइप करतात. यात सगळी गंमत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मालक काका ओळ घेऊनच आले. आठळीने म्हणायचं, ‘आईने पाकीट नाही आणलं, तर जेवूच नका!’

मी म्हटलं, “काका, मुलांना हट्ट करायला शिकवायचं नाही. जाहिरातीत ते चालतही नाही. आणि आठळी असं बोलणार नाही.”

“अगो, आठळी माझी हाय ना? मग ती माझा माल विकायला लाजते कशाला?”

मी लिहिलं नाही. त्यांनी भाच्याकडून पोस्ट टाकून घेतली. मी घरी गेले ती धुमसतच.

सकाळी पहिली कमेंट एका आईची होती. ‘मुलगी विचारतेय, आठळी आज रागावलीय का? जेवू नका म्हणते, म्हणजे ती बरी नाही का?’ खाली आणखी आया भडकलेल्या. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही, संताप आला. त्या पोरीला आवाज ओळखता आला होता, आणि आम्हाला त्याची किंमत नव्हती.

मी मोबाइल काकांसमोर ठेवला. “पोस्ट काढा. माफी कारखान्याच्या नावाने मागा, आठळीच्या नाही. हे तिने केलेलं नाही. नाहीतर दुसरी लिहिणारी बघा.”

काकांनी एकेक कमेंट वाचून काढली. मग पोस्ट काढली आणि माफीखाली स्वतःचं नाव टाकलं.

दुपारी मी त्या मुलीला उत्तर दिलं. ‘मी काय म्हणते, मी मस्त आहे! तू जेव हं. भात चंद्रावर उगवतो, माहितेय ना?’

थोड्याच वेळात आईने कळवलं. पोरगी म्हणते, चंद्रावर नाही गं वेडे, शेतात!

काकांनी ते वाचलं, हसले, आणि हळूच म्हणाले, “मग माझी पाकिटं कोण विकणार गो?”

“तुम्ही विका काका,” मी म्हटलं. “तुमच्या तोंडाने.”